शालोम मराठीत आणताना: नमस्कार, येते, बरं आहे की शांतता?

हिब्रू शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात सांगतात की 'शालोम' म्हणजे नमस्कार, शालोम म्हणजे निरोप आणि शालोम म्हणजे शांतता. हे खरं आहे, पण भाषांतराला बसल्यावर एवढ्यावर भागत नाही. तीन अर्थांची यादी समोर ठेवून त्यातला एक उचलायचा, अशी सवय लागली की मराठीत 'शांती असो, दादा, भाजी कशी दिली?' असली वाक्यं तयार होतात. शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. या वाक्यात तो शब्द कोणतं काम करतोय, हे आधी शोधावं.

शब्दाच्या मुळाशी शीन, लामेद, मेम ही तीन अक्षरं आहेत. याच मुळापासून 'शालेम' म्हणजे पूर्ण, अखंड आणि 'लेशालेम' म्हणजे पैसे चुकते करणे हे शब्द आले. म्हणजे मुळात कल्पना आहे ती काही तुटलेलं, उणं किंवा बाकी नसण्याची. माणसाच्या बाबतीत ती खुशाली होते, दोन राज्यांच्या बाबतीत तह होते, दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या बाबतीत नमस्कार होते. हे लक्षात राहिलं की जुन्या ग्रंथात 'युद्धाचा शालोम' असा शब्दप्रयोग भेटला तरी गोंधळ होत नाही. त्याकडे पुढे येऊच.

आधी शब्दाच्या आजूबाजूला पाहा

शालोम एकटा आहे की कशाला तरी जोडलेला आहे, हे सगळ्यात आधी तपासा. एकटा असेल, पुढेमागे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल, तर बहुतेक वेळा तो भेटीचा किंवा निरोपाचा शब्द असतो. दुसऱ्या नामाला जोडला की त्याचा उच्चार आखडून 'श्लोम' होतो आणि अर्थ 'अमक्याची खुशाली' असा होतो. 'मा श्लोमखा' म्हणजे शब्दशः 'तुझी खुशाली काय', आपल्या भाषेत 'कसा आहेस'. मागे 'करार', 'प्रक्रिया', 'बोलणी' असे शब्द असतील तर तो राजकारणातला शालोम. मागे 'ले' किंवा 'बे' हे उपसर्ग असतील तर बहुधा कुणीतरी कुठेतरी जायला किंवा यायला निघालेलं असतं.

हे तपासताना दोन ठिकाणी पाय घसरतो. हिब्रू लिपीत मोठी आणि लहान अक्षरं नसतात, त्यामुळे विशेषनाम डोळ्यांना वेगळं दिसत नाही. शालोम हे माणसाचं नाव असतं आणि आडनावही असतं. 'शालोम आला' या वाक्यात शांतता आली की शालोम नावाचा गृहस्थ आला, हे क्रियापदावरून आणि आधीच्या मजकुरावरूनच ठरवावं लागतं. दुसरी अडचण म्हणजे रोजच्या हिब्रू छपाईत स्वरचिन्हं नसतात. 'शालोम' लिहिताना मधे वाव हे अक्षर येतं. ते नसेल तर समोरचा शब्द 'शालेम' म्हणजे पूर्ण किंवा 'शिलेम' म्हणजे त्याने पैसे भरले असाही असू शकतो. हॉटेलच्या बिलाविषयीच्या वाक्यात अचानक शांतता अवतरली, तर हाच घोळ झाला आहे असं समजावं.

भेटीचा शालोम

साध्या भेटीसाठी 'नमस्कार' पुरतो आणि बहुतेक ठिकाणी तोच योग्य आहे. मराठीत भेटीचे शब्द पुष्कळ आहेत, पण त्यातले बरेचसे बोलणाऱ्याची ओळखही सांगतात. 'रामराम'मध्ये देवाचं नाव आहे, 'जय भीम'मागे एक मोठी चळवळ आहे, 'सलाम'चा रंग निराळा. यहुदी पात्राच्या तोंडी रामराम घातला की वाचकाला तेल अवीवचा रस्ता दिसायचा बंद होतो आणि सातारा दिसू लागतो. नमस्कारात अशी अडचण येत नाही.

मात्र कोण कुणाला म्हणतंय हे पाहायला हवं. आजच्या इस्रायलमध्ये मित्रमंडळी एकमेकांना शालोम म्हणण्यापेक्षा 'हाय' किंवा अरबीतून आलेलं 'अहलान' जास्त म्हणतात. त्यामुळे शालोम किंचित औपचारिक ठरतो. बँकेत, दुकानात, फोनवर अनोळखी माणसाशी, बातम्यांच्या सुरुवातीला तो ऐकू येतो. एखाद्या संवादात दोन जवळच्या मैत्रिणींपैकी एक जण मुद्दाम 'शालोम' म्हणत असेल, तर तिथे थोडा दुरावा किंवा राग असण्याची शक्यता धरा आणि मराठीत 'नमस्कार' तसाच ठेवा. मैत्रिणीला 'नमस्कार' म्हटलेलं मराठी कानालाही तितकंच खटकतं, म्हणून तो परिणाम आपोआप साधतो.

खुशालीच्या प्रश्नात अडचण वेगळी असते. 'मा श्लोमखा' पुरुषाला विचारतात, 'मा श्लोमेख' बाईला आणि 'मा श्लोमखेम' अनेकांना. म्हणजे ऐकणाऱ्याचं लिंग आणि वचन हिब्रूत दिसतं. आदर मात्र दिसत नाही, कारण तिथे 'तू' आणि 'तुम्ही' असा भेदच नाही. पंतप्रधानालाही 'मा श्लोमखा' आणि शेजारच्या पोरालाही 'मा श्लोमखा'. मराठीत तुम्हाला ठरवावंच लागतं. नातं, वय आणि प्रसंग यांची नोंद भाषांतर सुरू करण्यापूर्वी करून ठेवा: कोण कुणाला 'अगं' म्हणेल, कोण कुणाला 'अहो'. ही नोंद नसली की तिसऱ्या पानावरची सून सासूला 'कशी आहेस' विचारते आणि सातव्या पानावर 'कशा आहात'.

निरोपाचा शालोम

मराठीचा खरा कस इथे लागतो. हिब्रूत जाणाराही शालोम म्हणतो आणि थांबणाराही शालोमच म्हणतो. मराठीत हे दोघं एकच शब्द बोलत नाहीत. निघणारा 'येतो' म्हणतो, निघणारी 'येते' म्हणते. घरातलं माणूस 'या हं', 'जाऊन ये', 'सावकाश जा' असं काहीतरी म्हणतं. फोनवर निघणारं कुणीच नसतं, तेव्हा 'ठेवतो', 'ठेवू का?', 'बरं, चला' असे शब्द येतात. म्हणून निरोपाचं वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी नक्की करा: जागा सोडून कोण जातंय, बोलणारं माणूस बाई आहे की पुरुष, आणि भेट समोरासमोर आहे की फोनवर. मूळ मजकुरात हे लगेच दिसलं नाही, तर चार ओळी पुढे वाचा. दार कुणी लावलं ते तिथे कळतं.

'निरोप' हा शब्द गोष्टीत वर्णनासाठी चांगला आहे, पण बोलताना कुणी 'निरोप!' म्हणत नाही. 'अलविदा' हिंदी गाण्यांमधून ओळखीचा झाला असला तरी मराठी घराच्या दारात तो उपरा वाटतो. 'पुन्हा भेटू' हे 'लेहित्राओत' या दुसऱ्या हिब्रू शब्दासाठी राखून ठेवावं, कारण त्याचा अर्थच 'परत दिसेपर्यंत' असा आहे. हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचं एक खास कारण आहे. 'शालोम वेलो लेहित्राओत' असा एक हिब्रू वाक्प्रचार आहे: शालोम, पण पुन्हा भेट नको. नोकरी, पक्ष किंवा माणूस कायमचा सोडताना तो वापरतात. दोन्हींसाठी 'पुन्हा भेटू' वापरून बसलात, तर इथे वाट खुंटते. मराठीत यासाठी 'कायमचा रामराम ठोकला' हा वाक्प्रचार तयार आहे. निवेदनात तो खुशाल वापरावा, कारण तिथे कुणी कुणाला अभिवादन करत नाही, मराठी निवेदक मराठीत सांगतो आहे.

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या बाबतीत जुन्या यहुदी परंपरेने एक बारीक भेद केला आहे. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथातल्या बेराखोत या भागाच्या शेवटी म्हटलंय की जिवंत मित्राला निरोप देताना 'लेख लेशालोम' म्हणावं, म्हणजे शालोमकडे जा. 'लेख बेशालोम', म्हणजे शालोममध्ये जा, असं म्हणू नये. ते मृताला म्हणावं. आधार म्हणून दोन घटना दिल्या आहेत. सासरा इथ्रोने जावई मोशेला 'लेशालोम' म्हटलं आणि मोशेची भरभराट झाली. दावीद राजाने आपल्या मुलाला, अबशालोमला, 'बेशालोम' म्हटलं आणि अबशालोम झाडाला लटकला आणि तिथेच मारला गेला. जिवंत माणसाला अजून वाट चालायची आहे, मृताची चालून झाली आहे, असा हा विचार.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपणही घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि कुणी चुकून 'जातो' म्हटलं तर आजी तिथल्या तिथे दुरुस्त करते. त्यामुळे 'लेख लेशालोम'ला 'जाऊन ये' किंवा 'सुखरूप जाऊन ये' हे अगदी जवळचं भाषांतर आहे. बायबलच्या मराठी भाषांतरांमुळे 'शांतीने जा' ही रचना ओळखीची झाली आहे आणि उपासनेच्या मजकुरात ती शोभते. कादंबरीतल्या बापाच्या तोंडी मात्र 'सुखरूप जा' हवं. मृतासाठीच्या वाक्यात 'जाऊन ये' चालणार नाही, हे उघड आहे. तिथे 'सुखाने जा' इतकंच पुरतं. एक सावधगिरी: तालमूदचा हा नियम निरोपापुरता आहे. बायबलमध्ये 'बेशालोम' परत येण्याच्या संदर्भातही येतं. याकोब 'बेशालोम' घरी परतण्याची इच्छा बोलून दाखवतो, तिथे 'सुखरूप' हाच शब्द हवा.

एक प्रसंग पूर्ण सोडवून

बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला चौथा अध्याय घेऊ. शूनेम गावच्या एका बाईचा लहान मुलगा शेतात डोकं दुखू लागल्याने घरी आणला जातो आणि दुपारी आईच्या मांडीवर मरतो. ती त्याला अलीशा संदेष्ट्याच्या खोलीतल्या पलंगावर ठेवते, दार लावते आणि नवऱ्याकडे एक गडी आणि गाढवी मागते. मुलगा गेल्याचं ती सांगत नाही. नवरा विचारतो, आज कशाला जातेस, आज ना अमावास्येनंतरचा सण, ना शब्बाथ? ती एकच शब्द उच्चारते: शालोम. पुढे कर्मेल डोंगराजवळ अलीशाचा सेवक गेहजी धावत येऊन विचारतो: तुझा शालोम आहे का, नवऱ्याचा शालोम आहे का, मुलाचा शालोम आहे का? पुन्हा तिचं एकच उत्तर: शालोम. मग ती डोंगरावर पोचते आणि संदेष्ट्याचे पाय धरते.

नवशिक्या भाषांतरकार इथे तुकडे पाडतो. नवऱ्याला दिलेल्या उत्तराला 'ठीक आहे', गेहजीच्या प्रश्नांना 'कुशल आहे ना' आणि तिच्या शेवटच्या उत्तराला 'सर्व कुशल आहे' असं तो लिहितो. प्रत्येक वाक्य एकेकटं बरोबर आहे. पण मूळ प्रसंगाचा जीव असा आहे की मेलेल्या मुलाची आई दोनदा तोच शब्द उच्चारते आणि दुसऱ्यांदा तो थेट 'मुलाचा शालोम आहे का' या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतो. शब्द बदलला की तो घट्ट धरून ठेवलेला धीर दिसत नाही.

म्हणून असा मराठी शब्द शोधावा लागतो जो निघतानाही बोलता येईल आणि खुशालीचं उत्तर म्हणूनही. मराठीत तो आहे: 'बरं आहे'. बोलणं आटोपताना आपण 'बरं आहे, येते' म्हणतो आणि तब्येत विचारली तरी 'बरं आहे' म्हणतो. मग प्रसंग असा उतरतो:

'आज कशाला निघालीस? आज अमावास्येनंतरचा सण नाही, शब्बाथही नाही.'
'बरं आहे.'

आणि पुढे:

'तुमचं बरं आहे ना? यजमानांचं बरं आहे ना? मुलाचं बरं आहे ना?'
'बरं आहे.'

पहिल्या ठिकाणी 'येते' जोडण्याचा मोह होतो. जोडू नका, कारण मग दोन्ही उत्तरं सारखी राहत नाहीत. गेहजीच्या तोंडी 'तुमचं' घेतलं आहे, कारण हिब्रूत आदराचा भेद नसला तरी तो सेवक आहे आणि ही बाई घरंदाज आहे. त्याच अध्यायात तिला 'मोठी बाई' म्हटलंय. आता युद्धाच्या शालोमकडे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा रणांगणावरून आलेल्या उरीया या सैनिकाला विचारतो की सेनापती यवाबचा शालोम कसा आहे, लोकांचा शालोम कसा आहे आणि युद्धाचा शालोम कसा आहे. शांतता हा शब्द तिथे लावून पाहिला की लगेच हास्यास्पद होतो. 'यवाब कसा आहे, सैन्य कसं आहे, लढाई कशी चाललीय?' हे साधं वाक्य त्याचं बरोबर भाषांतर आहे. तुमचं भाषांतर तपासायला हीच कसोटी वापरा: निवडलेला मराठी शब्द त्याच उताऱ्यातल्या प्रत्येक शालोमच्या जागी ठेवून मोठ्याने वाचा. कुठे अडतं ते कानाला लगेच कळतं.

शांतता, शांती आणि तह

राजकीय शालोमला मराठीत 'शांतता' हवी: शांतता करार, शांतता प्रक्रिया, शांतता बोलणी. वर्तमानपत्रांची रूढीही हीच. 'शांती' मनाची, प्रार्थनेची, मृतात्म्याची. शिवाय आपल्याकडे वास्तुशांती आणि ग्रहशांतीमुळे या शब्दाला विधीचा वास आहे. १९७९ मध्ये इस्रायल आणि इजिप्तने केलेल्या कराराला 'शांती करार' म्हटलं तर मराठी कानाला ते हिंदीतून आल्यासारखं वाटतं. प्राचीन काळातल्या राजांविषयी लिहिताना 'तह' सगळ्यात नेमका. यहोशवाने गिबोनच्या लोकांशी शालोम केला, तिथे 'तह केला' हेच खरं मराठी. नवराबायकोच्या संदर्भातला 'श्लोम बायित', म्हणजे घरातला शालोम, याला 'घरातला सलोखा' म्हणावं. घरात शांतता आहे म्हटलं की मुलं झोपली आहेत असा अर्थ होतो.

पत्रातला शालोम

पत्राच्या शेवटी 'द्रिशात शालोम' येतं, बोलताना त्याचं आखडून 'दाश' होतं. 'आईला दाश सांग' म्हणजे 'आईला माझा नमस्कार सांग'. पण मराठी पत्रात मोठ्यांना नमस्कार जातो आणि लहानांना आशीर्वाद. 'मुलांना दाश' असेल आणि लिहिणारी आजी असेल, तर 'मुलांना आशीर्वाद' लिहा. बरोबरीच्या माणसासाठी 'आठवण सांग' बरं. गेलेल्या माणसाच्या नावापुढे 'आलाव हाशालोम' (बाईसाठी 'आलेहा हाशालोम') येतं, त्याच्यावर शालोम असो असा अर्थ. इथे सवयीने 'कै.' लिहिलं जातं, पण यहुदी माणसाला कैलासवासी करणं बरोबर नाही. 'दिवंगत' लिहावं. आणि 'खास वेशालोम' दिसलं तर शांतता शोधत बसू नका, त्याचा अर्थ 'देव न करो' असा आहे.

शालोम तसाच कधी ठेवावा

'शब्बात शालोम' भाषांतरित करू नये. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाशी तो बांधलेला आहे आणि 'शुभ शनिवार' म्हटल्याने त्यातलं काही पोचत नाही. शुक्रवारी दुपारी दुकानदार गिऱ्हाइकाला तेच म्हणत असेल तर तो निरोप आहे. मूळ शब्द ठेवून 'तो हात हलवत म्हणाला' असं वाक्यात आणलं की वाचकाला समजतं. 'शालोम अलेखेम' आणि त्याचं उलटं उत्तर 'अलेखेम शालोम' ही जोडीही तशीच ठेवावी, कारण शब्दांची अदलाबदल हाच त्या उत्तराचा शिष्टाचार आहे. त्यातलं 'अलेखेम' अनेकवचनी असतं, समोर एकच माणूस असला तरी.

कोकणातून आलेल्या बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठी. त्यांच्यातला कुणी मराठी वाक्यात 'शालोम' म्हणत असेल, तर नमस्कार हा शब्द हाताशी असताना त्याने तो निवडला आहे. तिथे भाषांतरकाराने हात लावू नये.

शेवटी ज्याला मराठीत एकच शब्द नाही असा शालोम. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवमध्ये शांततेसाठी भरलेल्या सभेनंतर पंतप्रधान यित्झाक राबीन यांची हत्या झाली. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी श्रद्धांजलीच्या इंग्रजी भाषणाच्या शेवटी दोन हिब्रू शब्द उच्चारले: 'शालोम, खावेर'. खावेर म्हणजे मित्र. ते शब्द पुढे इस्रायलभर गाड्यांवर चिकटवलेले दिसू लागले. 'निरोप, मित्रा' लिहिलं तर शांतता जाते, 'शांती लाभो, मित्रा' लिहिलं तर निरोप जातो, आणि 'येतो' तर म्हणताच येत नाही, कारण जाणारा बोलणारा नाही. इथे 'शालोम, मित्रा' लिहावं आणि लेखात जागा असेल तर आधीच्या वाक्यात एवढंच सांगावं की हिब्रूत निरोप आणि शांतता यांना एकच शब्द आहे. पडद्यावरच्या उपशीर्षकात तेवढी जागा नसते. तरीही शब्द बदलू नये: सभा कशासाठी भरली होती हे प्रेक्षकाने आधीच्या दृश्यात पाहिलेलं असतं.